डबीवर काय लिहावे आणि काय लिहू नये

प्रश्न : नमस्कार ताई. मी सांगलीत राहते. घरी चेहऱ्याचे क्रीम आणि केसांचे तेल करून आजवर ओळखीच्यांना देत आले. आता दिवाळीआधी प्रदर्शनात स्टॉल घ्यायचा आहे आणि इन्स्टाग्रामवरूनही विकायचे आहे. क्रीम ५० ग्रॅमच्या डबीत आणि तेल १०० मिलीच्या बाटलीत असेल. लेबलवर ‘१०० टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री’, ‘वांग आणि काळे डाग घालवते’, ‘केसगळती थांबवते’ असे लिहिले तर चालेल का? मैत्रीण म्हणते की लहान पॅकवर घटकांची यादी लागतच नाही. लेबले छापायला टाकायची आहेत, म्हणून आधी विचारते.

उत्तर : नमस्कार. छपाई तूर्त थांबवा. लेबलवर जो परवाना क्रमांक छापावा लागतो तो तुमच्याकडे अजून नाही, आणि तो मिळेपर्यंत लेबल पूर्ण होऊ शकत नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. त्यांत घरगुती किंवा थोड्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्यांसाठी परवान्यातून सूट नाही. कायद्याच्या कलम १८ मध्ये विक्रीबरोबरच वाटपासाठी केलेले उत्पादन, विक्रीसाठी केलेला साठा आणि विक्रीसाठी मांडणे हेही येते, त्यामुळे स्टॉलवर ‘फक्त नमुने ठेवते’ किंवा ‘आधी फुकट वाटते’ या मार्गाने सुटका होत नाही. दुकानदाराला सौंदर्यप्रसाधने विकण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही हे खरे आहे, आणि बहुधा त्यावरूनच ‘कॉस्मेटिकला लायसन लागत नाही’ हा समज पसरला असावा. परवाना लागतो तो बनवणाऱ्याला.

हा परवाना महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन देते. स्वतःच्या जागेत उत्पादन करायचे असेल तर सीओएस-५ या नमुन्यात अर्ज करावा लागतो आणि परवाना सीओएस-८ या नमुन्यात मिळतो. जागेविषयीच्या अटी नियमांच्या सातव्या अनुसूचीत आहेत, आणि घरी काम करणाऱ्या बहुतेक जणी तिथेच अडतात. उत्पादनाची जागा राहण्यासाठी वापरलेली किंवा राहत्या भागाला जोडलेली नसावी, भिंती आणि जमीन गुळगुळीत व धुता येण्यासारखी असावी, कामावर देखरेख करणारी पात्र तांत्रिक व्यक्ती असावी, आणि कच्चा माल व तयार माल तपासण्याची सोय स्वतःची किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतली असावी, अशी अपेक्षा असते. स्वयंपाकघर कितीही स्वच्छ असले तरी या चौकटीत बसत नाही.

म्हणून तुमच्या आकाराच्या व्यवसायाला मी बहुधा दुसरा मार्ग सुचवते. ज्यांच्याकडे परवानाधारक कारखाना आहे त्यांच्या जागेत आणि त्यांच्या यंत्रांवर आपल्या नावाने उत्पादन करण्यासाठी लोन लायसन्स मिळते; त्याचा अर्ज सीओएस-६ आणि परवाना सीओएस-९. त्याहून सोपे म्हणजे तुमच्या कृतीप्रमाणे माल त्या कारखान्याने स्वतःच्या परवान्यावर बनवून द्यायचा आणि लेबलवर उत्पादक म्हणून त्यांचे, विपणन करणारे म्हणून तुमचे नाव यायचे. यात दर बॅचचे किमान प्रमाण कारखाना ठरवतो, म्हणून आधी दोन-तीन ठिकाणी विचारणा करा आणि त्यांचा परवाना तुमच्या प्रकारच्या उत्पादनासाठी आहे ना, हे परवान्यावरील यादीतच वाचून घ्या. तेलासाठी परवाना असलेला कारखाना क्रीमही बनवू शकतो असे गृहीत धरू नका. ही तजवीज दिवाळीपूर्वी होत नसेल तर यंदाचा स्टॉल सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता लेबलकडे वळू. आतल्या डबीवर आणि बाहेरच्या खोक्यावर, दोन्हीकडे उत्पादनाचे नाव, उत्पादकाचे नाव आणि जिथे माल प्रत्यक्ष बनला त्या जागेचा पूर्ण पत्ता हवा. त्याखेरीज उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादनाचा महिना व वर्ष, कधीपर्यंत वापरावे तो महिना व वर्ष, आणि वापरात काही धोका संभवत असेल तर सुरक्षित वापराची सूचना हवी. खोके वापरतच नसाल तर हे सगळे एकाच लेबलवर यायला हवे. ५० ग्रॅमच्या डबीचा घेर लहान असतो, तेव्हा आधी हा मजकूर कागदावर खऱ्या आकारात मांडून पाहा आणि मगच फुलापानांच्या नक्षीला जागा द्या. उलट क्रमाने गेल्यामुळे परवाना क्रमांक तळाशी वाचता न येण्याइतक्या बारीक अक्षरांत गेलेल्या डब्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

बॅच क्रमांकाला केवळ औपचारिकता समजू नका. एका वेळी एका भांड्यात झालेला माल म्हणजे एक बॅच, आणि त्या क्रमांकासमोर वहीत तारीख, प्रत्येक घटकाचे तोललेले वजन, त्या घटकाच्या पुरवठादाराचा लॉट क्रमांक आणि भरलेल्या डब्यांची संख्या लिहिलेली असली पाहिजे. कोणाच्या चेहऱ्यावर पुरळ उठले असा फोन आला, तर त्या डबीवरच्या क्रमांकावरून बदाम तेल कोणत्या पिंपातले होते आणि त्याच पिंपातल्या आणखी किती डब्या बाहेर गेल्या, हे तुम्हाला त्याच दिवशी सांगता यायला हवे. प्रत्येक बॅचची एक बंद डबी स्वतःकडे ठेवा. वापराची मुदतही अंदाजाने छापू नका. काही डब्या उबदार जागी, काही खोलीच्या तापमानाला ठेवून दर काही आठवड्यांनी वास, रंग, पोत आणि पाणी सुटते का ते नोंदवा, आणि प्रयोगशाळेकडून सूक्ष्मजीवांची तपासणी करून घ्या. तेल खवट झालेले नाकाला कळते आणि झाकणाखालचे बुरशीचे राखाडी ठिपके डोळ्यांना दिसतात, पण क्रीममध्ये वाढलेले जिवाणू अनेकदा ना दिसतात ना त्यांचा वास येतो.

तुमच्या मैत्रिणीने सांगितलेल्या सवलतीत तथ्य आहे, मात्र ते अर्धेच आहे. ६० मिलीपेक्षा कमी द्रव आणि ३० ग्रॅमपेक्षा कमी घन किंवा अर्धघन मालाच्या पॅकवर घटकांची यादी न देण्याची मुभा नियमांत आहे. तुमची डबी ५० ग्रॅमची आणि बाटली १०० मिलीची असल्याने दोन्हीवर यादी बंधनकारक आहे. पुढे २० ग्रॅमची छोटी डबी काढलीत तरी ही सूट फक्त यादीपुरती आहे. परवाना क्रमांक, उत्पादकाचे नाव किंवा वापराची मुदत त्यामुळे टळत नाही. आणि मी तरी त्या छोट्या डबीवरही यादी द्या असेच सांगेन, कारण एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला डबी उघडण्यापूर्वी ती ओळखण्याचा दुसरा उपाय नसतो.

यादी कशी लिहायची याचा नियम छोटा आहे, पण चुका तिथेच सर्वाधिक होतात. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक, ते मिसळताना असलेल्या वजनाच्या किंवा आकारमानाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. त्यानंतर एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. यादीच्या आधी ‘इन्ग्रेडिअंट्स’ हा शब्द हवा.

उदाहरणादाखल १०० ग्रॅम क्रीमची एक कृती घेऊ. पाणी ७० ग्रॅम, बदाम तेल १२, शिया बटर ६, इमल्सिफाइंग वॅक्स ६, ग्लिसरीन ४, परिरक्षक १, सुगंध ०.५, ई जीवनसत्त्व म्हणजे टोकोफेरॉल ०.३ आणि कोरफडीचा अर्क ०.२ ग्रॅम. आपण डबीवर ‘कोरफड क्रीम’ असे लिहितो आणि यादीची सुरुवातही ‘कोरफड, बदाम तेल, शिया बटर’ अशी करावीशी वाटते. नियमाप्रमाणे पहिले नाव पाण्याचेच येईल, आणि ०.२ टक्के असलेली कोरफड शेवटच्या गटात जाईल.

याच कृतीत दोन घटक असे आहेत जे प्रत्यक्षात एक नसून मिश्रण आहेत. इमल्सिफाइंग वॅक्स हे दुकानातल्या पुडीवरचे नाव झाले. समजा, पुरवठादाराच्या कागदावर त्यात सिटेरिल अल्कोहोल ७५ टक्के आणि पॉलिसॉर्बेट ६० हे २५ टक्के असे दिले आहे. मग आपल्या ६ ग्रॅमांत पहिले ४.५ ग्रॅम आणि दुसरे १.५ ग्रॅम झाले. आता क्रम बदलतो, कारण ग्लिसरीन ४ ग्रॅम आहे, म्हणजे ते सिटेरिल अल्कोहोलच्या खाली आणि पॉलिसॉर्बेटच्या वर येते. परिरक्षकाचेही तसेच आहे. त्या १ ग्रॅममध्ये फेनॉक्सिइथेनॉल ०.९ आणि इथिलहेक्झिलग्लिसरीन ०.१ ग्रॅम असेल, तर दोन्ही नावे स्वतंत्रपणे यायला हवीत. पूर्ण यादी अशी होईल : पाणी, बदाम तेल, शिया बटर, सिटेरिल अल्कोहोल, ग्लिसरीन, पॉलिसॉर्बेट ६०, फेनॉक्सिइथेनॉल, सुगंध, टोकोफेरॉल, कोरफडीचा अर्क, इथिलहेक्झिलग्लिसरीन. छापताना आयएनसीआय या आंतरराष्ट्रीय नामपद्धतीतली नावे वापरावीत, कारण तपासणारा अधिकारी आणि त्वचारोगतज्ज्ञ दोघेही तीच नावे ओळखतात. तेलाच्या बाबतीत वनस्पतीचे लॅटिन नाव आणि भाग, असे ते रूप असते.

हे सगळे पुरवठादाराच्या कागदांवर अवलंबून असल्याने खरेदी करताना प्रत्येक घटकाचे विश्लेषण प्रमाणपत्र आणि त्यात काय किती प्रमाणात आहे याचा कागद मागून घ्या. बाजारातले तयार कोरफड जेल किंवा गुलाबपाणी वापरत असाल तर त्यातही पाणी, घट्टपणा आणणारे पदार्थ आणि परिरक्षक असतात, आणि ते तुमच्या यादीत यायलाच हवेत. कागद न देणाऱ्या दुकानातून सुटा माल घेतला, तर तुमची यादी खरी आहे हे तुम्ही स्वतःही सांगू शकणार नाही. तीच गोष्ट रंगांची आहे. भारतीय मानक आयएस ४७०७ च्या पहिल्या भागात परवानगी असलेले रंग दिलेले आहेत आणि दुसऱ्या भागात सुरक्षित न मानलेले कच्चे पदार्थ. शिसे आणि अर्सेनिक यांची संयुगे रंगासाठी वापरण्यास बंदी आहे. खाण्याचा रंग आहे म्हणून त्वचेलाही चालतो, हा तर्क धरू नका. यादी पाहूनच ठरवा.

कृतीत बदल केलात तर लेबलही बदलावे लागते. बदाम तेल महागले म्हणून एका बॅचला सूर्यफूल तेल घातले आणि जुनीच लेबले लावली, तर ती सगळी बॅच कायद्याच्या भाषेत मिसब्रँडेड ठरते, मग क्रीम कितीही चांगले असो. म्हणून सुरुवातीला लेबले थोडीच छापा.

आता दाव्यांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. कायद्याने सौंदर्यप्रसाधन म्हणजे शरीर स्वच्छ करण्यासाठी, सौंदर्य वा आकर्षकता वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू. आणि रोगाचे निदान, उपचार, शमन किंवा प्रतिबंध यांसाठीची वस्तू म्हणजे औषध. तुमच्या डबीतला माल तोच राहिला तरी तुम्ही लिहिलेल्या वाक्यामुळे तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो. वांग हा त्वचेचा विकार आहे आणि ‘वांग घालवते’ हा उपचाराचा दावा झाला. ‘मुरूम बरे करते’, ‘इसबावर उपयुक्त’, ‘कोंड्याची बुरशी मारते’ हीही त्याच जातीची वाक्ये. ती लिहिलीत की तुम्ही औषधाचा परवाना नसताना औषध विकत आहात असा अर्थ निघतो. काही रोगांची नावे तर जाहिरातीत घेण्यासच १९५४ च्या औषधे व जादूटोणायुक्त उपाय कायद्याने मनाई आहे; कोड हे त्यांतले एक. ‘आयुर्वेदिक’ हा शब्दही आयुर्वेदिक औषधांच्या वेगळ्या परवान्याशी बांधलेला आहे. हळद आणि चंदन घातले म्हणून तो लिहिता येत नाही.

मग काय लिहिता येईल? रूपाविषयी आणि लावल्यावर जाणवणाऱ्या गोष्टींविषयी लिहा. ‘त्वचा मऊ ठेवते’, ‘कोरडेपणा कमी जाणवतो’, ‘चेहरा तजेलदार दिसतो’, ‘केसांना चमक येते’, ‘विंचरताना केस कमी तुटतात’ ही वाक्ये सौंदर्यप्रसाधनाच्या व्याख्येत बसतात. ‘केसगळती थांबवते’ मात्र काढून टाका. केस मुळापासून गळण्याची कारणे बहुधा शरीराच्या आत असतात, आणि तेलाने कमी होऊ शकते ते फार तर कोरड्या केसांचे तुटणे. ‘विंचरताना केस कमी तुटतात’ यासारख्या वाक्यालाही आधार लागतो. दहा-वीस जणींना ठरावीक दिवस तेल देऊन त्यांच्या लेखी नोंदी ठेवल्या असतील, तर ‘वापरणाऱ्यांना केस मऊ वाटले’ इतके म्हणण्यापुरता तो आधार होतो. ‘त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले’ हे शब्द वापरायचे असतील तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली झालेल्या चाचणीचा अहवाल फाइलमध्ये हवा. ओळखीच्या डॉक्टरांनी क्रीम आवडल्याचे सांगितले, एवढ्यावर ते भागत नाही. एसपीएफचा आकडा तर चाचणीशिवाय लिहूच नका. गाजराच्या बियांच्या तेलाला मोठा एसपीएफ असतो असे समाजमाध्यमांवर फिरत असते, त्यावर विसंबून कोणी उन्हात फिरले तर चेहरा भाजेल.

‘केमिकल-फ्री’ हा दावा सरळ खोटा आहे, कारण पाणीही रसायनच आहे आणि तुमच्या यादीत फेनॉक्सिइथेनॉल छापलेले असेल. परिरक्षक काढून टाकून हा दावा खरा करायचा विचार मनात आला असेल तर कृपया तसे करू नका. ज्या क्रीममध्ये ७० टक्के पाणी आहे ते परिरक्षकाशिवाय लवकरच दूषित होते, आणि ते डोळ्यांजवळ लावले जाणार आहे. फेनॉक्सिइथेनॉलची मर्यादा एक टक्का आहे, तुमचा ०.९ तिच्या आत बसतो, तेव्हा ते लपवण्याचे काही कारणच नाही. ‘१०० टक्के नैसर्गिक’चे काय? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘नैसर्गिक’, ‘ऑरगॅनिक’, ‘क्रुएल्टी-फ्री’ यांसारखे मोघम शब्द पुरेसे स्पष्टीकरण आणि पुरावा असल्याशिवाय वापरू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. त्यापेक्षा जे मोजता येते ते लिहा : ‘१२ टक्के बदाम तेल’. हे खरे आहे, तपासता येते, आणि जाणत्या ग्राहकाला ‘१०० टक्के नैसर्गिक’पेक्षा जास्त काही सांगते. ‘एफडीए मान्यताप्राप्त’ हेही लिहू नका. परवाना हा उत्पादन करण्याची मुभा असतो, त्यातून गुणवत्तेची शिफारस निघत नाही.

दाव्यांचे नियम डबीपुरते नाहीत. सौंदर्यप्रसाधनासोबत दिलेल्या पत्रकावरचे खोटे किंवा दिशाभूल करणारे विधानसुद्धा मालाला मिसब्रँडेड ठरवते, आणि इन्स्टाग्रामवरची पोस्ट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जाहिरात ठरते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. ग्राहकाने पाठवलेला ‘ताई, माझा वांग गेला’ हा संदेश तुम्ही स्टोरीला लावलात की तो दावा तुमचा झाला. डबीवर एक आणि पोस्टवर दुसरे, असे चालत नाही.

राहिले वजन-मापाचे नियम. ते वैधमापन शास्त्र विभागाकडे येतात आणि २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत आहेत. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एककाची विक्री किंमत, आणि तक्रारीसाठी नाव, पत्ता, दूरध्वनी व ई-मेल छापावे लागते. ५० ग्रॅमची डबी ३५० रुपयांना असेल तर एककाची किंमत प्रति ग्रॅम ७ रुपये. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत उत्पादक किंवा पॅकर म्हणून नोंदणीचा अर्ज करायचा असतो. आणखी एक गोष्ट मराठी उद्योजिकांकडून हटकून सुटते : हे अनिवार्य तपशील इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावे लागतात. मराठी मजकूर त्यांच्या जोडीला अवश्य द्या, पण फक्त मराठी लेबल नियमात बसत नाही. ऑनलाइन विकताना हेच तपशील, उत्पादनाचा महिना व वर्ष वगळता, वस्तूच्या पानावरही दिसायला हवेत. केवळ डबीचा पुढच्या बाजूचा फोटो टाकून ते होत नाही. मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो टाका आणि तोच मजकूर खाली टंकून द्या.